एकच जाहिरात, मराठीत आणि इंग्रजीत: भाड्याच्या फ्लॅटचं उदाहरण घेऊन

पहिल्यांदा दोन भाषांत जाहिरात लिहिली तेव्हा मी तेच केलं जे सगळे करतात. मराठी मजकूर नीट बसून लिहिला, आणि मग रात्री अकरा वाजता त्याचं घाईघाईत इंग्रजी केलं. मराठीत "गाडी लावायला जागा नाही, दुचाकी चालेल" असं स्पष्ट होतं. इंग्रजी करताना ते वाक्य "टू-व्हीलर पार्किंग अव्हेलेबल" एवढंच झालं. वाचणाऱ्यांना वाटलं, दुचाकीचंही आहे, म्हणजे गाडीचं तर असणारच. एक कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाहून गाडी घेऊन आलं, गेटपाशी थांबलं आणि वॉचमनला विचारू लागलं की आपली जागा कुठली. फ्लॅट त्यांना आवडला होता. पण पार्किंग नाही कळल्यावर ते चहाही न घेता गेले, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी भाषांतर करणं सोडलं. आता आधी फक्त माहिती लिहितो, आणि त्या माहितीवरून दोन वेळा जाहिरात लिहितो, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. हे कसं करायचं ते एका फ्लॅटवरून दाखवतो. फ्लॅट कल्पनेतला आहे, पण त्यातल्या अडचणी माझ्या पाहण्यातल्या आहेत. पुण्यात कोथरूडला, भाड्याने द्यायचा, दोन बेडरूमचा.

पहिली पायरी: माहितीचा कागद

हा कागद कोणी वाचणार नाही, त्यामुळे तो सुंदर लिहू नका. वाक्यं नकोत, विशेषणं नकोत. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट, आणि ती अशी की तिच्याकडे बोट दाखवून "हे खरं आहे की नाही" असं विचारता यावं. "हवेशीर" या कागदावर येत नाही, "हॉलला पूर्वेला आणि दक्षिणेला खिडकी" येतं.

आपल्या फ्लॅटचा कागद असा:

```
जागा: कोथरूड, वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत 10 मिनिटं
घर: 2 BHK, 640 चौ. फूट कार्पेट
मजला: 4 मजल्यांपैकी तिसरा, लिफ्ट आहे
दरमहा: भाडे 26,000 + मेंटेनन्स 2,200 = 28,200
डिपॉझिट: 80,000
वीजबिल: भाडेकरू, मीटरप्रमाणे
पार्किंग: 1 दुचाकी, इमारतीखाली. कार नाही
आहे: 2 भिंतीतली कपाटं, 5 पंखे, 1 गीझर, किचन ट्रॉली
नाही: पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी
टेरेस: हॉलला लागून, फक्त या फ्लॅटची
करार: 11 महिने, नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा
नोटीस: दोन्ही बाजूंनी 1 महिना
कोणाला: कुटुंब किंवा नोकरदार, दोन्ही चालतील
केव्हापासून: 1 जून
पाहायला: शनिवार-रविवार, सकाळी 10 ते 1
```

यातल्या तीन ओळींवर थोडं थांबू, कारण नवीन माणूस इथेच घसरतो.

कार्पेट ही पहिली. जागेच्या मापाला तीन-तीन नावं प्रचारात आहेत: कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप. एकाच घराचे आकडे त्यामुळे बरेच वेगळे निघतात. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या दिली आहे. घराच्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. त्यामुळे कागदावर आकडा लिहिताना तो कुठला हे लिहाच, आणि टेरेस त्यात मिसळू नका. मराठीत 640 कार्पेट आणि इंग्रजीत मोठा दिसावा म्हणून 850 सुपर बिल्ट-अप असं केलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही आकडे खरे असूनही दोन वाचकांना दोन वेगळी घरं कळली.

दुसरी ओळ मेंटेनन्सची. घरमालक स्वतः राहत नसला की बऱ्याच सोसायट्या नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावतात. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीला तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा चार्ज 2,200 मध्ये धरला आहे का, तो तुम्ही भरणार की भाडेकरू, हे कागदावर ठरवून टाका. जाहिरातीत त्याचं नाव आलं नाही तरी चालेल, पण एकूण आकडा ठरलेला असला पाहिजे. मी तो आपल्याकडे, म्हणजे मालकाकडे ठेवला आहे. भाडेकरूसाठी एकूण 28,200, बस.

तिसरी ओळ "नाही" ची. जाहिरातीत नसलेल्या वस्तू कोण लिहितो, असं वाटेल. पण याच ओळीमुळे पुढे दोन्ही भाषांतली बरीच गडबड टळते, ते खाली येईलच.

दुसरी पायरी: शब्दांची जोडी लावणं

कागद झाला की त्यातल्या प्रत्येक नामाला दोन्ही भाषांत काय म्हणायचं ते ठरवा. हे शब्दकोशात बघून होत नाही. प्रश्न एकच विचारायचा: हा शब्द वाचल्यावर त्या भाषेतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर नेमकं काय उभं राहील?

टेरेसच घ्या. पुण्यात मराठी बोलताना "टेरेस" म्हटलं की फ्लॅटला लागून असलेली उघडी जागा कळते, जिथे तुळस असते आणि पापड वाळत घालतात. इमारतीच्या डोक्यावरच्या मोकळ्या जागेला आपण "गच्ची" म्हणतो. म्हणजे मराठीत दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. इंग्रजीत मात्र दोन्हींना टेरेसच म्हणतात, आणि बाहेरून आलेला वाचक टेरेस म्हणजे इमारतीची गच्ची असंच धरतो, जिथे सगळ्यांचे कपडे वाळतात. म्हणून इंग्रजीत नुसता शब्द पुरत नाही, टेरेस कुणाची हे सांगावं लागतं:

```
Private open terrace attached to the living room.
```

मराठीत मात्र "हॉलला लागून टेरेस" एवढं पुरतं. तिथे "खासगी खुला टेरेस" लिहिलंत तर वाचणारा हसेल, किंवा त्याला वाटेल की काहीतरी लपवताय.

किचन ट्रॉली हे दुसरं. ओट्याखाली स्टीलच्या जाळीचे ओढून बाहेर येणारे कप्पे, त्यांना आपल्याकडे सरसकट ट्रॉली म्हणतात आणि इथल्या इंग्रजी जाहिरातींतही तसंच लिहितात. पण दिल्लीहून किंवा केरळमधून आलेल्या माणसाला किचन ट्रॉली म्हणजे चाकं लावलेली, ढकलत न्यायची गाडी वाटू शकते. एकाने मला फोनवर विचारलं होतं की ती ट्रॉली आम्ही नेणार आहोत की ठेवणार. तेव्हापासून मी इंग्रजीत असं लिहितो:

```
Kitchen with pull-out drawers under the counter.
```

गॅलरीचंही तसंच. मराठीत आपण बाल्कनीला सर्रास गॅलरी म्हणतो. इंग्रजीत गॅलरी म्हणजे चित्रं टांगलेली जागा, तेव्हा तिकडे बाल्कनीच लिहा. आणि "माळा" हा शब्द मराठीतच धोकादायक आहे. मुंबईत "तिसरा माळा" म्हणजे तिसरा मजला, पण घरात "माळा आहे" म्हणजे सामान ठेवायची वरची फळी. मराठी जाहिरातीत "मजला" आणि "लॉफ्ट" असे दोन सुटे शब्द वापरले की प्रश्न मिटतो.

गॅस हा शब्द दोन्हीकडे अर्धवट आहे. पाइपने येणारा गॅस, सिलिंडर, नुसती शेगडी, की शेगडीशिवाय जोडणी? मराठीत "गॅस आहे" आणि इंग्रजीत "गॅस कनेक्शन" लिहिलं की दोन वाचक दोन गोष्टी समजतात. आपल्या फ्लॅटमध्ये शेगडीही नाही आणि सिलिंडरही नाही, म्हणून मी कागदावर "नाही" च्या ओळीत शेगडी नंतर घातली. असं होतंच. शब्दांची जोडी लावताना कागदात राहून गेलेल्या गोष्टी सापडतात, त्या लगेच भरून टाकाव्यात.

आणि आता सेमी-फर्निश्ड. या शब्दाचा अर्थ ठरलेला नाही. एकाला त्यात पंखे आणि कपाटं वाटतात, दुसऱ्याला पलंग आणि फ्रिजसुद्धा. त्याचं मराठी "अर्ध-सुसज्ज" असं केलंत तर आधी वाचणाऱ्याला रुग्णालय आठवेल आणि मग काहीच कळणार नाही. माझा नियम सोपा आहे: शीर्षकात सेमी-फर्निश्ड चालतं, कारण लोक तोच शब्द टाकून शोधतात, पण खाली काय आहे आणि काय नाही याची यादी दोन्ही भाषांत हवीच. "नाही" ची ओळ इथे उपयोगी पडते.

भाषांतर करणाऱ्याचे आवडते शब्द ओळखायला शिका. चटई क्षेत्र, शयनकक्ष, आच्छादित वाहनतळ, अनामत रक्कम, वातानुकूलन. सरकारी कागदांवर ते शोभतात. चटई क्षेत्र तर फसवंही आहे, कारण प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते सांगणाऱ्या एफएसआयला "चटई क्षेत्र निर्देशांक" म्हणतात आणि माणूस त्या दिशेला भरकटतो. भाड्याने घर शोधणारा माणूस कार्पेट, बेडरूम, पार्किंग, डिपॉझिट, एसी असंच म्हणतो. हे शब्द देवनागरीत लिहा, ते मराठीच आहेत. उगाच शुद्ध करायला गेलात तर वाचणारा मनातल्या मनात ते परत इंग्रजीत करून घेतो, आणि त्या नादात एखादी ओळ सुटते.

तिसरी पायरी: मराठी लिहिणं

दोन्हींपैकी कुठली आधी लिहायची यावर माझं मत पक्कं आहे: जी भाषा तुम्हाला जास्त येते ती नंतर लिहा. आधी ती लिहिली की ती इतकी गुळगुळीत होते की दुसरी तिच्या मागे फरफटत जाते. पण बहुतेकांना हे पटत नाही, आणि कागद समोर ठेवला असेल तर फरकही फारसा पडत नाही. इथे मराठी आधी घेतो.

मराठी छोट्या जाहिरातींचा एक ठरलेला सूर आहे, "भाड्याने देणे आहे", "पाहिजे", "संपर्क साधावा". तो जुना वाटतो, पण वाचणाऱ्याला क्षणात कळतं की हे काय आहे. "आम्ही आपल्यासाठी एक सुंदर घर घेऊन आलो आहोत" असं कोणी घर दाखवताना म्हणत नाही.

```
कोथरूडमध्ये 2 BHK भाड्याने देणे आहे (सेमी-फर्निश्ड)

वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत 10 मिनिटं.
640 चौ. फूट कार्पेट. तिसरा मजला, लिफ्ट आहे.
हॉलला लागून टेरेस.

दरमहा एकूण 28,200 रु. (भाडे 26,000 + मेंटेनन्स 2,200).
वीजबिल वेगळं, मीटरप्रमाणे.
डिपॉझिट 80,000 रु.

दुचाकी एक लावता येईल, इमारतीखाली.
कारसाठी जागा नाही.

आहे: दोन्ही बेडरूममध्ये भिंतीतलं कपाट, 5 पंखे,
गीझर (एका बाथरूममध्ये), किचन ट्रॉली.
नाही: पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, शेगडी.

11 महिन्यांचा नोंदणीकृत करार, खर्च निम्मा-निम्मा.
घर सोडायला किंवा सोडवून घ्यायला 1 महिन्याची नोटीस.
कुटुंब किंवा नोकरदार, दोघांनाही चालेल.
1 जूनपासून रिकामा. शनिवार-रविवारी सकाळी 10 ते 1
या वेळेत पाहता येईल.
```

आकडे 0 ते 9 या खुणांनीच ठेवले आहेत, ते मुद्दाम. देवनागरी अंक दिसायला छान, पण इंग्रजीतल्या 28,200 शी नजरेने ताडून बघायला तेच अंक दोन्हीकडे असलेले बरे. शिवाय "सव्वा लाख", "पावणेतीनशे", "अडीच हजार" असे शब्द आकड्यांच्या जागी नकोत. बोलताना ते लाडके आहेत, पण त्यांचं इंग्रजी करताना पावणेतीनशेचं 375 झालेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ते 275 असतं.

"2 BHK" इंग्रजी अक्षरांत ठेवलं आहे, कारण मराठी वाचणारा माणूसही शोधताना तेच टाइप करतो.

टाइप करताना युनिकोड मराठीच वापरा. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि तुमच्या संगणकावर तो नीटच दिसत असल्याने तुम्हाला ते कळतही नाही.

चौथी पायरी: इंग्रजी लिहिणं

आता मराठी मजकूर झाका. खरंच झाका, खिडकी बंद करा किंवा कागद उलटा ठेवा. समोर फक्त माहितीचा कागद. मराठी दिसत राहिलं की इंग्रजी त्याच्या चालीने जातं, आणि "वॉटर इज कमिंग टू टाइम्स" सारखी वाक्यं तयार होतात, ज्यांत मराठीचा सांगाडा बाहेर दिसतो.

```
2 BHK for rent in Kothrud, Pune (semi-furnished)

10 min walk from Vanaz metro station.
640 sq ft carpet area. 3rd floor of 4, with lift.
Private open terrace attached to the living room.

Total Rs 28,200 a month
(rent 26,000 + society maintenance 2,200).
Electricity extra, as per meter. Deposit Rs 80,000.

Parking for one two-wheeler under the building.
No car parking.

Included: built-in wardrobe in both bedrooms, 5 fans,
water heater in one bathroom, pull-out kitchen drawers.
Not included: beds, fridge, washing machine, AC, stove.

11-month registered agreement, cost shared equally.
One month's notice from either side.
Families and working people both welcome.
Available from 1 June. Viewing Sat-Sun, 10 am to 1 pm.
```

ओळी जवळजवळ त्याच क्रमाने आल्या आहेत, कारण कागद एकच होता. पण दोन्हींत फरकही आहेत. इंग्रजीत शीर्षकात "पुणे" आलं, कारण मराठी वाचकाला कोथरूड म्हटलं की पुणेच कळतं, इंग्रजी वाचणाऱ्यांतल्या काहींना नाही. गीझर तिकडे वॉटर हीटर झाला. "सोडवून घ्यायला" हे मराठीत छान बसलं, इंग्रजीत त्याच्या जागी "दोन्ही बाजूंनी" पुरलं. आणि वनाजचं इंग्रजी स्पेलिंग तसंच घेतलं आहे जसं मेट्रोच्या नकाशात असतं, शेवटी झेड लावून. ठिकाणांची नावं ऐकून स्पेलिंग करू नका, पाटीवर किंवा नकाशात जशी असतील तशीच घ्या. वाचणारा तेच अक्षरन् अक्षर नकाशात टाकणार आहे.

मराठीतलं एक राहून गेलं, ते तुमच्या लक्षात आलं का? इंग्रजीत "चार मजल्यांपैकी तिसरा" आहे, मराठीत नुसता "तिसरा". वरचा मजला नाही हे उन्हाळ्याच्या दृष्टीने काहींना महत्त्वाचं असतं. हे मी इथे मुद्दाम दुरुस्त केलं नाही, कारण अशी चूक पुढच्या पायरीत कशी सापडते ते दाखवायचं होतं.

एका गोष्टीवर मात्र मी चिडतो. काही मालक इंग्रजीत "सगळ्यांचं स्वागत" लिहितात आणि मराठीत "फक्त कुटुंबासाठी". किंवा एका भाषेत अट आणि दुसऱ्या भाषेत गप्प. भाषेची आडकाठी घालून लोक गाळायचा हा प्रकार आहे, आणि तो फसतोही, कारण दोन्ही भाषा वाचणारा माणूस समोर येतोच आणि तोंडावर विचारतो. अट असेल तर दोन्हीकडे लिहा. लिहायची लाज वाटत असेल तर ती ठेवायची का याचा विचार आधी करा, जाहिरात नंतर.

पाचवी पायरी: तपासणी

बरेच जण तपासण्यासाठी इंग्रजीचं परत मराठी करतात आणि मूळाशी लावून बघतात. या कामाला ही पद्धत निरुपयोगी आहे. टेरेसचं इंग्रजी टेरेस, त्याचं परत मराठी टेरेस, शब्द अगदी जुळले. चूक तर वाचणाऱ्याच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

त्याऐवजी दोन माणसं घ्या, ज्यांनी फ्लॅट पाहिलेला नाही. एकाला फक्त मराठी द्या, दुसऱ्याला फक्त इंग्रजी. दोघांना तेच पाच-सात प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. प्रश्न असे असावेत की उत्तर आकडा, "हो-नाही" किंवा एक-दोन शब्दांत असेल: दरमहा हातातून एकूण किती जाणार? त्याशिवाय कशाचे पैसे? गाडी आणली तर? झोपायला काय आहे? वर अजून मजला आहे का? टेरेसवर शेजारी येऊ शकतात का? घर लवकर सोडलं तर?

एका जुन्या मसुद्यात मी मराठीत "भाडे 26,000, मेंटेनन्स 2,200" असं स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं आणि इंग्रजीत अधिकचं चिन्ह घातलं होतं. इंग्रजी वाचणाऱ्या मित्राने 28,200 सांगितले. मराठी वाचणाऱ्या मावशींनी सांगितले 26,000, आणि म्हणाल्या, "मेंटेनन्स मालकच भरतो ना, सांगितलाय फक्त माहितीसाठी." त्या चुकल्या नव्हत्या, त्यांच्या सोसायटीत तसंच होतं. म्हणून आता "दरमहा एकूण" हा शब्द दोन्हीकडे पहिला येतो आणि फोड कंसात जाते.

आपल्या उदाहरणात मराठी वाचणारा "वर अजून मजला आहे का" ला "माहीत नाही" म्हणेल, इंग्रजी वाचणारा "हो" म्हणेल. दोन उत्तरं वेगळी निघाली की तिथे बोट ठेवायचं आणि मराठीत "4 पैकी तिसरा मजला" करायचं. "माहीत नाही" हे उत्तरही वेगळंच उत्तर समजा.

दोन माणसं मिळाली नाहीत तर एक साधा उपाय आहे, पण तो थोडा कमी भरवशाचा. दोन्ही मजकूर एक दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी माहितीच्या कागदावरची प्रत्येक ओळ घेऊन ती मराठीत आणि इंग्रजीत कुठे आहे त्यावर पेन्सिलने खूण करा. खूण एकाच मजकुरात पडली तर दुसरीकडे ती गोष्ट सुटली आहे. उलटही बघा, म्हणजे जाहिरातीत आहे पण कागदावर नाही असं काही. बहुतेक वेळा ते इंग्रजीत शिरलेलं असतं, "प्राइम लोकेशन", "वेल व्हेंटिलेटेड" अशा रूपात. त्यातून काही कळत नाही, काढून टाका.

छापताना

दोन्ही मजकूर एकाच जागी टाकायचे असतील तर एका भाषेचा सगळा मजकूर, मग दुसऱ्या भाषेचा सगळा. एक वाक्य मराठी, एक वाक्य इंग्रजी असं मिसळलेलं वाचायला दोघांनाही त्रास होतो, आणि दुसऱ्या भाषेची ओळ नजरेने टाळताना आपली ओळही सुटते. फोनवर आधी दोन-तीनच ओळी दिसतात, उरलेलं "अधिक" दाबल्यावर. म्हणून शीर्षक दोन्ही भाषांचं वर ठेवा आणि मराठी आधी असेल तर शीर्षकाच्या लगेच खाली, इंग्रजी मजकूर पुढे आहे अशी सूचना:

```
English details below
```

अक्षरांची मर्यादा असेल आणि दोन्ही बसत नसतील तर एक भाषा तोडू नका, दोन्हींतून तीच ओळ काढा. पंख्यांची संख्या गेली तरी चालेल. पार्किंग आणि एकूण रक्कम शेवटपर्यंत राहिली पाहिजे.

जाहिरात टाकल्यानंतर

फोन येऊ लागले की कोणत्या भाषेतून आलेला माणूस काय विचारतोय ते माहितीच्या कागदाच्या मागे लिहा. तीन वेळा तोच प्रश्न आला आणि तिन्ही वेळा इंग्रजी वाचणाऱ्यांकडून आला, तर इंग्रजीत काहीतरी अंधुक आहे. दोन्हीकडून आला तर मुळात कागदावरच ती ओळ नाही. आपल्या फ्लॅटला बहुधा पाण्याचा प्रश्न येईल, कारण पाण्याबद्दल आपण कुठेच लिहिलेलं नाही. तेव्हा आधी कागदावर "पाणी: पालिकेचं, किती वाजता, टाकीचं किती वेळ" अशी ओळ घालायची, आणि मग दोन्ही मजकुरांत. थेट जाहिरातीत एका भाषेत दुरुस्ती करून टाकली की आठवड्याभरात दोन्ही मजकूर एकमेकांपासून दूर गेलेले असतात.

भाडं कमी केलंत तर तीन जागी बदल होतो, कागद, मराठी, इंग्रजी, आणि त्यातही एकूण आणि फोड असे दोन आकडे. म्हणून मी दोन्ही मजकुरांच्या शेवटी बदलाची तारीख लिहितो, "बदल: 12 मे" अशी. दोन तारखा जुळत नसतील तर मला स्वतःलाच कळतं की एक मागे राहिला. महिना अक्षरांत लिहा. 05/06 म्हणजे पाच जून की सहा मे, हे वाचणारा कुठल्या देशातल्या पद्धतीला सरावला आहे त्यावर ठरतं.

फ्लॅट गेला की दोन्हीकडे तसं लिहा. मराठीत "भाड्याने दिला" आणि इंग्रजीत

```
Rented out
```

नाहीतर मराठी वाचणारे थांबतात आणि इंग्रजी वाचणारे पुढचे दोन आठवडे फोन करत राहतात.